तीनशेऐवजी एकशे पंचेचाळीस

पीएच.डी. करणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी एक पत्र लिहायची वेळ येते. सिनॉप्सिसमध्ये तीनशे जणांकडून माहिती घेऊ असं लिहिलेलं असतं आणि हाती शंभरही प्रश्नावल्या भरून येत नाहीत. मग गाइडना कळवावं लागतं, की नमुन्याचा आकार बदलायचा आहे. मुलं हे पत्र माफीनाम्यासारखं लिहितात किंवा सूत्र दाखवून मोकळी होतात. दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. का, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण हिशोब खरा आहे.

एका तालुक्यातल्या महिला बचत गटांच्या सदस्यांपैकी किती जणी मोबाइलवरून पैशांचे व्यवहार करतात, हा एका विद्यार्थिनीचा विषय. एकूण सदस्या १२००. सिनॉप्सिसमध्ये तिने तारो यामाने यांचं सूत्र वापरलं. आपल्याकडच्या प्रबंधांत ते सर्रास दिसतं:

n = N / (1 + N × e²)

N म्हणजे एकूण लोक, e म्हणजे किती चूक चालेल ते. पाच टक्के, म्हणजे ०.०५ धरलं की उत्तर येतं ३००. यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीनशे जणी निवडल्या आणि सीआरपी ताईंच्या मदतीने प्रत्येकीला व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्मची लिंक पाठवली. सहा आठवडे झाले, तीनदा आठवण करून दिली. १०१ फॉर्म आले. त्यांतले सात अर्धवट किंवा दोनदा भरलेले होते. उरले ९४.

तिने पहिलं पत्र लिहिलं ते असं: ‘चुकीची मर्यादा १० टक्के धरल्यास याच सूत्रानुसार ९३ नमुना पुरेसा ठरतो. माझ्याकडे ९४ प्रतिसाद आहेत. तरी सुधारित नमुना मान्य करावा, ही विनंती.’

गणित बिनचूक आहे. १२०० भागिले १३, म्हणजे ९२.३. तरीही मॅडमनी पत्र परत केलं आणि समासात एकच ओळ लिहिली, ‘उरलेल्या २०६ कोण?’

त्या ओळीत सगळं आलं. सूत्र गृहीत धरतं, की जितक्या निवडल्या तितक्यांनी उत्तर दिलं. निवड चिठ्ठीने झाली होती, पण उत्तर देणं न देणं चिठ्ठीने ठरलं नव्हतं. लिंक उघडून फॉर्म भरला तो कोणी? जिच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे, जिला तो वापरायची सवय आहे तिने. प्रश्न तर नेमका मोबाइलच्या वापराचाच होता. ९४ पैकी ६६ जणींनी ‘हो, मी मोबाइलवरून पैसे पाठवते’ म्हटलं, म्हणजे ७० टक्के. हा आकडा तालुक्याचा म्हणून छापला असता, तर ज्यांच्याकडे फोनच नाही त्या हिशोबातून गळून गेल्या असत्या. शिवाय आधी पाच टक्के ठरवून, प्रतिसाद आल्यावर तेच दहा करणं म्हणजे बाण लागला तिथे वर्तुळ काढणं.

नमुना नुसता मोठा असून भागत नाही, याचं जुनं उदाहरण १९३६ मधलं आहे. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. जिंकले रूझवेल्ट, साठ टक्क्यांहून अधिक मतांनी. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतले होते, आणि उत्तरं धाडणाऱ्यांत रूझवेल्टविरोधक जास्त होते. तेवीस लाखांनीही ती चूक भरून निघाली नाही.

मग आमच्या विद्यार्थिनीने काय करावं? १९४६ मध्ये हॅन्सन आणि हर्विट्झ या दोन संख्याशास्त्रज्ञांनी यावर एक सोपा उपाय मांडला. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्यातूनच पुन्हा छोटा नमुना काढायचा आणि त्यांना समक्ष भेटायचं. तिने २०६ मधून चिठ्ठ्यांनी ६० नावं काढली. गटाच्या मासिक बैठकीला, हप्ते गोळा होऊन वही बंद झाली की, ती एकेकीला बाजूला घेऊन प्रश्न विचारू लागली. ज्या बैठकीला आल्या नाहीत त्यांच्या घरी गेली. ५१ जणी भेटल्या. मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्या निघाल्या फक्त १५.

आता ६६ आणि १५ यांची बेरीज करून ती १४५ ने भागली, तर ५६ टक्के येतात. इथे पुष्कळ जण फसतात. भेटलेल्या ५१ जणी स्वतःपुरत्या नाहीत, त्या २०६ जणींच्या वतीने बोलताहेत. ५१ मध्ये १५, तर २०६ मध्ये सुमारे ६१. म्हणजे तीनशेमध्ये ६६ अधिक ६१, एकूण १२७. उत्तर ४२ टक्के. लिंकवरून ७० दिसणारा आकडा प्रत्यक्षात ४२ च्या आसपास होता.

यानंतर लिहिलेलं दुसरं पत्र असं होतं:

‘आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. मूळ नमुना ३०० होता. लिंकद्वारे ९४ पूर्ण प्रतिसाद आले. प्रतिसाद न देणाऱ्या २०६ सदस्यांतून यादृच्छिक पद्धतीने ६० निवडून ५१ जणींच्या समक्ष मुलाखती घेतल्या. नऊ जणी दोन फेऱ्यांनंतरही भेटल्या नाहीत. दोन्ही गटांच्या उत्तरांत मोठा फरक असल्याने निष्कर्ष भारित पद्धतीने काढले आहेत. अंदाजातली चूक पाच टक्क्यांऐवजी सुमारे नऊ टक्के राहील. त्यामुळे वयोगट आणि शिक्षण यांनुसार तुलना करण्याचं चौथं उद्दिष्ट या नमुन्यावर पेलणार नाही, ते वगळण्याची परवानगी द्यावी. एकूण १४५ प्रतिसादांवर पुढील काम करण्यास मान्यता मिळावी.’

या पत्रात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते चौथं उद्दिष्ट सोडणं. १४५ जणींना चार वयोगट आणि चार शिक्षणपातळ्यांत वाटलं, तर एकेका चौकटीत सरासरी नऊ जणी येतात. नऊ जणींतल्या दोघींनी उत्तर बदललं की टक्केवारी बावीसने हलते. नमुना घटला की प्रश्नही घटवावे लागतात. नमुना कमी आणि उद्दिष्टं तेवढीच असं पत्र आलं, तर गाइडने ते परतच करावं.

नऊ जणी भेटल्या नाहीत हे तिने लपवलं नाही, तेही योग्यच. त्या बहुधा मजुरीला बाहेरगावी गेलेल्या असतील, आणि तसं असेल तर ४२ हा आकडाही थोडा जास्तच असेल. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये ते एका वाक्यात लिहावं लागेल.

एक व्यवहाराची गोष्ट. हा बदल गाइडच्या तोंडी होकारावर ठेवू नये. यूजीसीच्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि ठरावीक काळाने तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. हे पत्र त्याच बैठकीत ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावं, म्हणजे तोंडी परीक्षेत परीक्षकाने ‘तीनशेचे एकशे पंचेचाळीस कसे झाले?’ विचारलं, तर उत्तर तारखेसकट हातात असतं.

आणि संशोधन न करणाऱ्या वाचकांनाही एक सांगणं आहे. वर्तमानपत्रात कुठल्याही पाहणीचा आकडा वाचाल, तेव्हा किती जणांनी उत्तर दिलं एवढ्यावर थांबू नका. किती जणांना विचारलं होतं आणि न बोललेले कोण होते, हेही शोधा. ते कुठेच दिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.