कोरा रकाना

वस्तीतल्या छोट्या वाचनालयाच्या वहीत बहुधा तीनच रकाने असतात: नाव, पुस्तक, तारीख. वस्तू परत आली की ओळीवर काट मारायची. मग ती कधी आली आणि कशी आली, हे कुणालाच सांगता येत नाही.

समजा, सोसायटीकडे सामायिक दोन ड्रिल मशीन आहेत. वहीत नुसते ‘ड्रिल’ लिहिले, तर बिघडलेले मशीन कोणाकडून आले यावर भांडण ठरलेलेच. म्हणून प्रत्येक नगाला दाखल क्रमांक द्यावा आणि तो नगावरच रंगवावा: ह-१४, ह-१५. ग्रंथालये एकाच पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक देतात, ते याचसाठी.

पुढे प्रत्येक देवघेवीला एक ओळ. ह-१४, सभासद २२, नेले ३ मे, सोबत ५ बिट, मुदत १० मे; ‘परत’ हा रकाना वस्तू येईपर्यंत कोरा. बाहेर काय आहे हे पाहायचे, तर कोरे रकाने तेवढे शोधायचे. मुदत वाढवली तर जुनी तारीख खोडू नये, शेजारी नवी लिहावी. परत घेताना बिट मोजूनच सही करावी. (हे कोणी करत नाही, आणि हरवतात ते बिटच.)

एकाच क्रमांकासमोर दोन कोरे रकाने दिसले, तर आधीची परतनोंद राहिली आहे. अशी पडताळणी महिन्यातून एकदा तरी करा.

वही मात्र सर्वांसमोर उघडी ठेवू नका. शेजाऱ्याने कोणते पुस्तक नेले, ही चौकशी इतरांनी करायची नसते.