दोन जनगणना, एक वक्ररेषा

१९६१च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या ४३.९ कोटी भरली आणि १९८१च्या जनगणनेत ६८.३ कोटी. मधल्या वर्षांत ती कोणत्या गतीने वाढली, आणि तीच गती पुढे टिकली असती तर २०११मध्ये आपण किती झालो असतो? या दोन आकड्यांवरून एक समीकरण मांडता येते आणि त्यातून दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

लोकसंख्या दरवर्षी ठरावीक संख्येने वाढत नाही. जितकी माणसे जास्त, तितके जन्म जास्त. म्हणून ती साधारणपणे ठरावीक पटीने वाढते, बँकेतल्या चक्रवाढ व्याजासारखी. अशा वाढीचे समीकरण असे लिहितात:

y = a × b^x

इथे x म्हणजे गेलेली वर्षे आणि y म्हणजे त्या वेळची लोकसंख्या. a ही सुरुवातीची, म्हणजे x शून्य असतानाची लोकसंख्या. दर वर्षाला ज्या पटीने गुणायचे ती पट म्हणजे b. माहीत नसलेल्या गोष्टी दोनच आहेत, a आणि b. त्यामुळे वक्रावरचे दोन बिंदू हाताशी असले की काम भागते.

वर्षे कुठून मोजायची हे आधी ठरवू. स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ची, म्हणून तिथे x शून्य धरू. मग १९६१ला x होतो १० आणि १९८१ला ३०. दोन्ही बिंदू समीकरणात घालू:

४३.९ = a × b^१०
६८.३ = a × b^३०

आता खालच्या ओळीला वरच्या ओळीने भागायचे. सगळी खुबी या भागाकारात आहे, कारण दोन्हीकडचा a कटतो आणि घातांकांची वजाबाकी होते. उरते ते एवढेच:

b^२० = ६८.३ ÷ ४३.९ = १.५५५८

म्हणजे वीस वर्षांत लोकसंख्या सुमारे १.५६ पट झाली. एका वर्षाची पट हवी असेल तर या संख्येचे विसावे मूळ काढावे लागते. मोबाइलमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर १.५५५८चा ०.०५ इतका घात घेतला की ते मिळते, कारण १ भागिले २० म्हणजे ०.०५. उत्तर येते १.०२२३. याचा अर्थ, त्या काळात लोकसंख्या दरवर्षी सुमारे २.२३ टक्क्यांनी वाढत होती.

नेमकी इथेच एक चूक फार जणांकडून होते. वीस वर्षांत ५५.५८ टक्के वाढ, मग त्याला वीसने भागून वर्षाला २.७८ टक्के, असा हिशेब केला जातो. तो तपासायला सोपा आहे. ४३.९ कोटींना वीस वेळा १.०२७८ने गुणून पाहा, उत्तर ७६ कोटींच्या आसपास जाते. खरा आकडा ६८.३ कोटी आहे. भागाकाराने वाढीची सरासरी निघते, पण दरवर्षीची वाढ आधीच्या वाढीवरही चढते, हे त्यात धरलेले नसते. गुणाकाराने घडलेली गोष्ट उलगडायला मूळच काढावे लागते.

आता a. पहिल्या ओळीत b^१० हवा. तो b^२०चे वर्गमूळ, म्हणजे १.२४७३. म्हणून a = ४३.९ ÷ १.२४७३ = ३५.२. आपले समीकरण तयार झाले:

y = ३५.२ × (१.०२२३)^x

छापताना b चार दशांशांपर्यंत दिला तरी हिशेब करताना कॅल्क्युलेटरमधली पूर्ण संख्या वापरावी. b मध्ये केलेली काटछाट प्रत्येक वर्षी पुन्हा गुणली जाते. तो नुसता १.०२ धरला, तर १९६१वरून निघून १९८१ला आपण ६५.२ कोटींवरच पोहोचतो. ज्या बिंदूवरून वक्र काढला, तोच बिंदू तीन कोटींनी हुकतो.

समीकरण मिळाले म्हणजे ते खरे ठरले असे मात्र नाही. दोन्ही आकडे धन असले की त्यांच्यातून असा एक वक्र जातोच, मग ती वाढ खरोखर पटीने होत असो वा नसो. म्हणून तिसरा बिंदू घ्यायचा. १९७१ हे बरोबर मधले वर्ष. पटीने वाढ झाली असेल, तर त्या वर्षाचा आकडा दोन टोकांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका यायला हवा. ४३.९ गुणिले ६८.३चे वर्गमूळ ५४.८ येते. १९७१च्या जनगणनेचा आकडाही ५४.८ कोटीच आहे. वाढ सरळ रेषेत झाली असती, तर साधी सरासरी ५६.१ कोटी आली असती. तेव्हा या वीस वर्षांपुरता आपला वक्र चांगला बसतो.

वीस वर्षांच्या बाहेर काय होते? मागे गेलो तर समीकरण १९५१साठी ३५.२ कोटी सांगते. प्रत्यक्षात तेव्हा ३६.१ कोटी लोक होते. म्हणजे १९५१ ते ६१ या दशकात वाढीची गती पुढच्या दोन दशकांपेक्षा थोडी कमी होती. पुढे गेलो तर १९९१साठी ८५.२ कोटी मिळतात, प्रत्यक्ष आकडा ८४.६. फरक किरकोळ आहे. २००१साठी मिळतात १०६.३ कोटी, प्रत्यक्षात १०२.९. आणि २०११साठी समीकरण १३२.५ कोटी सांगते, तर जनगणनेत भरले १२१.१ कोटी. ही ११.४ कोटींची तफावत म्हणजे २०११च्या महाराष्ट्राच्या एकूण लोकसंख्येहूनही किंचित जास्त.

गणित कुठेही चुकलेले नाही. बदलला तो b. समीकरण त्याला कायमचा स्थिर धरते, पण घरोघरी मुले कमी होऊ लागली तशी ही पट घसरत गेली. किती घसरली, तेही याच रीतीने मोजता येते. २००१ आणि २०११ हे दोन बिंदू घ्या. १२१.१ भागिले १०२.९ म्हणजे १.१७६९, आणि त्याचे दहावे मूळ १.०१६४. वर्षाची वाढ २.२३ टक्क्यांवरून १.६४ टक्क्यांवर आली होती.

तफावत कोणत्या बाजूला जाते, याकडे म्हणूनच लक्ष ठेवावे. समीकरणाचे आकडे कधी जास्त, कधी कमी येत असतील, तर ती मोजणीतली किंवा वर्षावर्षातली चढउतार असू शकते. पण ते सतत एकाच बाजूला आणि दरवेळी अधिक दूर जात असतील, जसे इथे आधी अर्धा कोटी, मग साडेतीन, मग अकरा कोटी गेले, तर पट बदलली आहे असे समजावे आणि अलीकडचे दोन बिंदू घेऊन समीकरण नव्याने मांडावे. लोकसंख्येचा असा कोणताही अंदाज वाचताना तो कोणत्या दोन वर्षांवरून काढला आहे, हे आधी पाहावे. १९६१–८१च्या गतीवरचा अंदाज आणि २००१–११च्या गतीवरचा अंदाज, दोन्ही एकाच रीतीने निघतात. पण आजच्या देशाविषयी काही सांगायचे असेल, तर त्यातला दुसराच अधिक जवळ जाईल.