परगावी बस्तान (भाग ६) : मतदार यादीतलं नाव हलवताना

नांदेडहून हैदराबादला येणाऱ्या मराठी घरांत एक समज पक्का बसलेला आहे : आधी गावाकडच्या यादीतून नाव कमी करून घ्यायचं, मग इथे नव्याने लावायचं. रेशनकार्डाची जुनी सवय यामागे असावी. मतदार यादीसाठी हा क्रम चुकीचा आहे आणि त्यामुळे माणसं दोन्हीकडून नावाला मुकतात.

आमच्याच घरातलं सांगते. माझा भाचा आणि भाचेसून नांदेड उत्तर मतदारसंघातले. नोकरीनिमित्त दोघांनी चंदानगरला भाड्याने घर घेतलं. भाचेसुनेने voters.eci.gov.in वर `Form 8` भरला, म्हणजे नमुना ८. त्यात `Shifting of Residence` आणि पुढे `Outside Assembly Constituency` निवडलं, जुन्या ओळखपत्राचा नंबर घातला आणि नवा पत्ता दिला. भाच्याने मात्र नमुना ६ भरला. "नवीन गाव, म्हणजे नवीन नाव," असा त्याचा साधा हिशेब. नमुना ६ हा पहिल्यांदाच मतदार होणाऱ्याचा अर्ज आहे. माझं नाव अन्य कुठल्याही यादीत नाही, असं प्रतिज्ञापत्र त्याच अर्जात असतं आणि त्याने ते न वाचता मान्य केलं.

दोघांचेही अर्ज मंजूर झाले. भाचेसुनेच्या नव्या कार्डावर पत्ता चंदानगरचा होता, पण तीन अक्षरं आणि सात आकडे तेच, नांदेडचेच. भाच्याच्या कार्डावर नंबर वेगळाच. फरक नेमका इथे कळतो. नंबर तोच राहिला तर नाव हललं असं समजायचं. नंबर बदलला तर नवं नाव लागलं आणि जुनं बहुधा तिथेच आहे. नमुना ८ मंजूर झाला की नव्या ठिकाणच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडून जुन्या ठिकाणी सूचना जाते आणि तिथली नोंद वगळली जाते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही.

आधी नमुना ७ भरून नांदेडचं नाव काढलं असतं, तर नमुना ८ ला हलवायला काही उरलंच नसतं. इथला अर्ज कागदावरून फेटाळला गेला की माणूस कुठल्याच यादीत नाही.

भाच्याला मात्र नमुना ७ च भरावा लागला, तोही नांदेडच्या जुन्या नोंदीसाठी आणि इथलं नाव यादीत दिसतंय याची खात्री झाल्यावरच. स्वतःचं नाव वगळण्याचा अर्ज स्वतःला करता येतो. कारण म्हणून कायमचं स्थलांतर किंवा आधीच नाव असणं दाखवता येतं. हे लांबणीवर टाकू नये. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोनदा मत दिलं नाही म्हणून सुटका होते असं नाही.

हैदराबादचा स्वतःचा एक घोळ आहे. शहर एक, जिल्हे अनेक. चंदानगर शेरीलिंगमपल्ली मतदारसंघात येतं आणि तो रंगारेड्डी जिल्ह्यात आहे. कुकटपल्लीत राहत असाल तर जिल्हा मेडचल-मलकाजगिरी. पत्त्यावर 'हैदराबाद' लिहायची सवय असलेला माणूस अर्जातही तोच जिल्हा निवडतो आणि यादीत आपला मतदारसंघ शोधत बसतो. शेजाऱ्याचं मतदार कार्ड मागून मतदारसंघाचं नाव बघावं, हा सगळ्यात सोपा उपाय.

घर भाड्याचं असलं तरी अडत नाही. नेहमीचं राहणं तिथे असलं की पुरे, इतके महिने राहिलंच पाहिजे अशी अट नाही. पुराव्याला नवा पत्ता असलेलं बँक पासबुक, आधार किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. मग बीएलओ घरी चौकशीला येऊ शकतात. घराला कुलूप दिसलं की प्रकरण रेंगाळतं, म्हणून अर्जात चालू मोबाईल नंबर द्यावा आणि वॉचमनला सांगून ठेवावं. हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात. निवडणूक लागल्यावर उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीपुरती नावं घालणं, हलवणं, वगळणं सगळं थांबतं. तेव्हा प्रचाराच्या गाड्या फिरू लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

नाव लागल्यावर electoralsearch.eci.gov.in वर दोनदा शोधावं. एकदा ओळखपत्राच्या नंबरावरून आणि एकदा महाराष्ट्र निवडून नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय घालून. जुना नंबर आता आठवत नसेल तरी दुसऱ्या शोधात जुनी नोंद सापडते. तेलुगू यादीतलं आपलं नाव एखाद्या शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावं. भाचेसुनेचं आडनाव तसं वाचून घेतलं, तर एक अक्षर भलतंच निघालं. दुरुस्तीचा अर्जही नमुना ८ च, फक्त पर्याय वेगळा. तो तिने त्याच संध्याकाळी भरला.