शेपटी हलवणारा कुत्रा मैत्रीच करू इच्छितो, असे नाही

बंगळुरू : मराठीत लाचारीला ‘गोंडा घोळणे’ म्हणतात आणि माघारीला ‘शेपूट घालणे’. कुत्र्याच्या शेपटीची ही दोन टोके भाषेने अचूक टिपली आहेत. माणसाची गफलत होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थांत. शेपटी हलताना दिसली की कुत्रा आनंदात आहे, असे गृहीत धरले जाते. वास्तविक हलणारी शेपटी एवढेच सांगते की कुत्र्याचे मन चाळवले गेले आहे. ते आनंदाने की रागाने, हे शेपटीची उंची, ताठरपणा आणि झोक्याची रुंदी यांवरून ठरते.

तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या 2023 मधील पाहणीनुसार शहरात सुमारे 2 लाख 79 हजार भटके कुत्रे होते. अशा शहरात हा फरक ओळखता येणे रोजच्या उपयोगाचे आहे. रात्री कामावरून परतणारा एखादा दुचाकीस्वार गल्लीच्या तोंडाशी थांबतो, समोर कुत्रा उभा असतो. त्याची शेपटी काठीसारखी ताठ आणि उंच आहे, केवळ टोक भरभर थरथरते आहे, अंगाचा भार पुढच्या पायांवर आहे आणि नजर रोखलेली आहे. हे स्वागत नव्हे, इशारा आहे. अशा वेळी हात पुढे करणे किंवा पळत सुटणे, दोन्ही धोक्याचे. नजर वळवून, अंग थोडे तिरके करून सावकाश मागे सरणेच बरे. याउलट, शेपटी पाठीच्या पातळीला किंवा किंचित खाली, सैल, रुंद झोके घेणारी आणि तिच्याबरोबर कंबरही डोलत असेल, तर तो कुत्रा बहुधा स्नेहाने येत असतो.

उंच शेपटीने कुत्रा आकाराने मोठा भासतो. शिवाय गुदद्वाराजवळील ग्रंथींचा गंध मोकळा होऊन त्याची ओळख इतर कुत्र्यांपर्यंत पोहोचते. पायांत घातलेली शेपटी नेमके उलटे करते. ती आकारही लपवते आणि गंधही. म्हणून भेदरलेला कुत्रा शेपटी पोटाशी घेतो. अशी खाली दाबलेली शेपटी आखूड, भरभर हलत असेल, तर ती शरणागतीची विनवणी असते. कोंडीत सापडलेला असा कुत्रा भीतीपोटी चावूही शकतो.

उंच-खाली हे मोजायचे मात्र त्या कुत्र्याच्या नेहमीच्या ठेवणीवरून. नळीत घातली तरी वाकडीच राहते, अशी म्हण जिच्यावरून पडली ती गावठी कुत्र्याची शेपटी अनेकदा मुळातच पाठीवर वळलेली असते. तिच्या उंचीत आक्रमकता शोधणे चुकीचे. कर्नाटकातीलच मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याची लांब शेपटी स्वस्थ असताना खालीच लोंबते. तो घाबरलेला नसतो. फार पोहल्यावर किंवा दमछाक झाल्यावर शेपटीचे स्नायू दुखावूनही ती एकाएकी लुळी पडते. अशा कुत्र्याला धीर नव्हे, पशुवैद्य हवा.

शेपटी कोणत्या बाजूला अधिक झुकते, यालाही अर्थ असल्याचे इटलीतील संशोधकांनी 2007 मध्ये दाखवून दिले. त्यांनी 30 पाळीव कुत्र्यांना एकेक करून मालक, अनोळखी माणूस, मांजर आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दाखवला व शेपटीच्या हालचालींचे चित्रीकरण केले. मालक दिसताच झोका उजवीकडे जास्त गेला, दांडग्या कुत्र्यासमोर तो डावीकडे वळला. मांजरासमोर शेपटी हलली ती अगदी थोडी. शरीराच्या उजव्या बाजूचे स्नायू मेंदूचा डावा अर्धगोल चालवतो आणि जवळ जाण्याच्या प्रेरणा त्याच्याशी जोडल्या जातात. मागे सरण्याच्या प्रेरणा उजव्या अर्धगोलाशी निगडित मानल्या जातात. त्याच संशोधकांनी 2013 मध्ये कुत्र्यांना इतर कुत्र्यांची चित्रफीत दाखवली. डावीकडे झुकणारी शेपटी पाहताना त्यांच्या हृदयाची गती वाढली आणि ते अस्वस्थ झाले. उजवीकडची शेपटी पाहताना ते शांत राहिले.

ही डावी-उजवी बाजू कुत्र्याची स्वतःची. समोर उभ्या असलेल्या माणसाला कुत्र्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. शिवाय हा कल इतका बारीक असतो, की चित्रीकरण संथ करून पाहिल्याशिवाय तो सहसा ध्यानात येत नाही. रस्त्यावर त्याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा उंची आणि ताठरपणा पाहणे अधिक भरवशाचे. ज्यांची शेपटी लहानपणीच छाटली जाते, त्या डॉबरमनसारख्या कुत्र्यांच्या बाबतीत तर या खुणाही हाती लागत नाहीत. तेथे कान, ओठ आणि अंगाचा ताण यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.