कात्री लिफ्टचा खरा जोर तळाशी

गॅरेजमधली कात्री लिफ्ट वर जाताना पाहिली की वाटतं, जितकी उंची जास्त तितका सिलिंडरवर ताण जास्त. प्रत्यक्षात उलट घडतं.

सर्वांत साधी रचना घेऊ. कात्रीची एकच जोडी, खालचं एक टोक बिजागरीवर पक्कं, दुसरं चाकावर सरकणारं. आडवा सिलिंडर ही दोन टोकं जवळ खेचतो. हात जमिनीशी जो कोन करतात, त्यावर सगळं ठरतं: एकूण वजन भागिले त्या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे सिलिंडरचा जोर. वजनात माल आणि फळी पूर्ण धरायची, हातांचं मात्र निम्मं, कारण फळी जितकी चढते त्याच्या निम्मंच त्यांचं मध्यबिंदू चढतं.

माल 800 किलो, फळी 150 आणि हात 100 किलो असतील, तर हिशेबाचं वजन 1000 किलो. हात 2 मीटर लांब असून फळी 1 मीटरवर असेल, तर कोन 30 अंश आणि जोर सुमारे 1730 किलो. तीच फळी 35 सेंटिमीटरवर आणली की कोन 10 अंश होतो आणि जोर 5600 किलोंच्या वर जातो. घर्षण वेगळंच.

म्हणून अर्ध्या उंचीवर सहज चढणारी लिफ्ट तळातून हलतच नाही, पंप नुसता घुमतो. सिलिंडर निवडताना हिशेब नेहमी सर्वांत खालच्या उंचीचा करावा. आणि दुरुस्तीसाठी फळीखाली जायचं असेल, तर आधी लोखंडी टेकू लावावा. तेलाच्या दाबावर जीव सोपवू नये.