गिऱ्हाईक नेमकं कोण? ऑर्डरची शीट सांगते

आम्ही घरून ऑनलाइन अबाया-हिजाब विकतो. आपलं गिऱ्हाईक कॉलेजची मुलगी, असंच धरून चाललो होतो. मग वर्षभराच्या ऑर्डरची शीट मोबाइल नंबरप्रमाणे लावली. नावावर भरवसा नको. एकच बाई कधी स्वतःच्या, कधी मुलाच्या नावाने मागवते. पुन्हा पुन्हा घेणाऱ्या बहुतेक नंबरांवर एकाच ऑर्डरमध्ये तीन-चार वेगवेगळे साइज होते, तेही रमजानच्या तोंडावर. पाच-सहा जणींना फोन केला, तर त्या निघाल्या घरभराचे कपडे घेणाऱ्या अम्मी आणि खाला! माल परत यायचा तो लांबी चुकल्यामुळे. आता फोटोखाली खांद्यापासूनची लांबी इंचांत लिहितो. पाहून न घेताच गेलेले मात्र या शीटमध्ये नाहीतच. त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही.