डॅशबोर्ड सगळ्यांना, डेटा कोणाच्या खात्यातून?

कोल्हापुरातल्या एका औषध वितरकाचं उदाहरण घेऊ. सांगली, सातारा आणि इचलकरंजी अशा तीन ठिकाणी त्याच्या शाखा आहेत. रोजची विक्री एका गूगल शीटमध्ये नोंदवली जाते. त्यात तारीख, शाखा, औषध, विक्रीची रक्कम आणि खरेदी दर असे पाच रकाने आहेत. खरेदी दर फक्त मालक आणि हिशेबनीस यांनीच पाहायचा, म्हणून मूळ शीट या दोघांशिवाय कोणालाच उघडत नाही. हिशेबनिसाने त्या शीटवरून गूगलच्या लुकर स्टुडिओत (२०२२ पर्यंत त्याचं नाव डेटा स्टुडिओ होतं) शाखानिहाय विक्रीचा डॅशबोर्ड तयार केला आणि तिन्ही शाखाप्रमुखांना पाठवला. त्यांना आलेखांची मांडणी बदलता यावी म्हणून अधिकार दिला Editor चा.

तिथेच खरेदी दर उघडा पडला.

कारण इथे दोन वेगळे अधिकार एकमेकांत मिसळले आहेत. डॅशबोर्ड कोणी पाहायचा आणि कोणी बदलायचा, हे Viewer आणि Editor या अधिकारांवर ठरतं. डॅशबोर्ड मूळ शीटमधून आकडे आणतो तेव्हा कोणाच्या ओळखीवर आणतो, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर डॅशबोर्डच्या शेअरिंगमध्ये मिळत नाही, तर डेटा सोर्समध्ये, म्हणजे शीट आणि आलेख यांना जोडणाऱ्या दुव्यात असतं. तिथे Owner's Credentials निवडलेलं असेल, तर आकडे नेहमी जोडणी करणाऱ्याच्या खात्यातून येतात. पाहणाऱ्याला शीट उघडता येते की नाही, हे तपासलंच जात नाही.

केवळ Viewer असलेल्याला तयार आलेख दिसतात. संपादकाने लावलेली गाळणी त्याला काढता येत नाही, नवा तक्ता जोडता येत नाही. Editor मात्र डेटा सोर्समधला कोणताही दाखवलेला रकाना उचलून तक्त्यात टाकू शकतो. सांगलीच्या शाखाप्रमुखाने नवा तक्ता काढला, तर बाजूच्या यादीत ‘खरेदी दर’ हजर असतो. तो ओढून तक्त्यात टाकला की तिन्ही शाखांचे दर समोर येतात. शीट त्याला आजही उघडत नाही. आकडे हिशेबनिसाच्या ओळखीवर येत आहेत.

मग Viewer's Credentials निवडावं का? त्यात प्रत्येकाचा स्वतःचा अधिकार तपासला जातो. ज्याला मूळ डेटा पाहण्याची परवानगी नाही, त्याला आलेखांच्या जागी चूक झाल्याचा संदेश दिसतो. बिगक्वेरीसारख्या डेटाबेसमध्ये हा मार्ग उत्तम चालतो, कारण कोणी कोणत्या ओळी पाहायच्या हे तिथेच ठरवता येतं. गूगल शीटच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. आलेख दिसावेत म्हणून शाखाप्रमुखांना शीटच शेअर करावी लागेल, आणि शीट उघडली की पाचही रकाने दिसणार.

या वितरकासाठी सोपा उपाय शीटच्या बाजूचा आहे. खरेदी दर वगळून उरलेले चार रकाने एका वेगळ्या शीटमध्ये आणायचे आणि शाखांचा डॅशबोर्ड त्यावरच उभा करायचा. जो रकाना डेटा सोर्समध्ये आलाच नाही, तो कोणत्याही Editor ला ओढता येत नाही. प्रत्येकाला फक्त आपल्याच शाखेचे आकडे दाखवायचे असतील, तर या शीटमध्ये शाखाप्रमुखाच्या ईमेलचा रकाना जोडून डेटा सोर्समधली Filter by email ही सोय लावता येते. त्या सोयीत डॅशबोर्ड उघडणाऱ्याचा ईमेल ज्या ओळींत असेल, तेवढ्याच ओळी त्याला दिसतात.

हीच जोडणी दुसऱ्या बाजूनेही अडचणीत आणते. हिशेबनीस नोकरी सोडतो, त्याचं कंपनीतलं खातं बंद केलं जातं, आणि डॅशबोर्डवरचे आलेख तुटतात. डॅशबोर्डची मालकी आधीच दुसऱ्याच्या नावावर केलेली असली तरी हे होऊ शकतं, कारण डेटा सोर्स अजूनही जुन्याच ओळखीवर चाललेला असतो.

म्हणून खातं बंद करण्याआधी Resource मेन्यूतलं Manage added data sources उघडून प्रत्येक सोर्सच्या Edit वर जावं. वरच्या बाजूला Data credentials पुढे कोणाची ओळख वापरात आहे ते कळतं. ती जाणाऱ्या माणसाची असेल, तर ज्याला मूळ शीट उघडते अशा दुसऱ्या माणसाने आपल्या खात्यातून जोडणी पुन्हा करायची आणि मगच जुनं खातं बंद करायचं.